आजीचे डोळे, आजीचे हात

ओसरीवर बसून शेंगा सोलणाऱ्या आजीचा एक फोटो मी शैली बदलणाऱ्या प्रोग्रॅमला दिला. मिनिटभरात तैलचित्रासारखा मसुदा तयार झाला. लुगड्याच्या चुण्या, सुपातल्या शेंगा, भिंतीवरचा उन्हाचा पट्टा, सगळं पाहत राहावं असं उतरलं होतं. फक्त आजीची नजर हरवली होती, उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांत विरघळली होती आणि पांढऱ्या केसांत मागच्या दाराचा काळपट रंग उतरला होता.

असं का होतं, ते आकड्यांवरून लगेच कळतं. मसुदा १०२४ पिक्सेल रुंद होता आणि त्यात चेहरा साधारण २०० पिक्सेलचा. चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे मावतात, हा चित्रकारांचा जुना हिशेब. म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला जेमतेम ४० पिक्सेल. प्रोग्रॅमचे फटकारे १०-१२ पिक्सेल जाडीचे होते. भिंतीला ते शोभतात, पण डोळा तीन-चार फटकाऱ्यांतच संपतो. बोटांचंही तेच होतं.

ही दुरुस्ती मी क्रितामध्ये करते. हा चित्रकारीचा प्रोग्रॅम मोफत मिळतो. आधी मसुदा तिप्पट मोठा करून घेते, म्हणजे बारीक कामाला जागा मिळते. मग त्या थराला कुलूप लावते आणि वर तीन रिकामे थर चढवते: सगळ्यांत खाली कडा, त्यावर हात, त्यावर डोळे. मूळ फोटो वेगळ्या खिडकीत शेजारी उघडा असतो. तो अर्धपारदर्शक करून चित्रावरच ठेवायचा मोह होतो, पण `Ctrl` दाबून रंग उचलताना क्रिता एरवी सगळ्या थरांचा मिळून दिसणारा रंग उचलतो. मग चित्राचा आणि फोटोचा मिसळलेला मळकट रंग कुंचल्याला लागतो.

सुरुवात कडांपासून, कारण चेहऱ्याची रेषा सरकली की डोळ्यांची जागाही चुकते. केस आणि दार जिथे भिडतात तिथे दाराचा काळपट रंग उचलून बाहेरून आत आले, केसांचा रंग उचलून आतून बाहेर गेले. पण सगळ्याच कडा धारदार केल्या तर माणूस कात्रीने कापून चिकटवल्यासारखा दिसतो. पदराचा खालचा भाग सावलीत मिसळला होता, तो तसाच राहू दिला. उजेड जिथे पडतो तेवढ्याच कडा मी पक्क्या केल्या.

हातांत बोटं काढायला जाऊ नये, बोटांमधल्या फटी काढाव्यात. आधी सगळा पंजा त्वचेच्या एकाच मध्यम रंगाने झाकला. मग फोटोत पाहून फटींचा गडद तपकिरी रंग भरला आणि विरघळलेली दोन बोटं आपोआप सुटी झाली. पेरांवरचा उजेड शेवटी दिला. इथे ब्रशची जाडी महत्त्वाची. मोठ्या केलेल्या मसुद्यातले फटकारे आता ३०-३५ पिक्सेलचे झाले होते. हात ५ पिक्सेलच्या ब्रशने रंगवला असता तर तो दुसऱ्याच चित्रातून आणल्यासारखा वाटला असता. म्हणून मोठे भाग २५ पिक्सेलच्या केसाळ ब्रशने रंगवले आणि बारीक ब्रश फक्त फटींपुरता वापरला.

डोळ्यांपाशी मी सगळ्यांत जास्त रेंगाळते. जुना बिघडलेला डोळा खोबणीसकट त्वचेच्या रंगाने पूर्ण झाकायचा, मगच नवा काढायचा. डोळ्यातलं पांढरं कधीच पांढरं नसतं. आजीच्या डोळ्यांत ते राखाडी-तपकिरी होतं, वरच्या पापणीच्या सावलीत आणखी गडद. म्हातारपणी पापणी खाली उतरते, म्हणून बुबुळाचा वरचा भाग झाकलेलाच राहू दिला. उजेड डावीकडून होता, तेव्हा चमकेचा ठिपकाही दोन्ही डोळ्यांत डावीकडेच आला.

नवा डोळा ठिगळासारखा उठून दिसू लागला. सोपा उपाय म्हणून मी थराची अपारदर्शकता कमी केली, तर खालचं तिरपं बुबुळ भुतासारखं वर डोकावलं. मग थरावर राइट-क्लिक करून `Add Transparency Mask` निवडलं आणि मऊ ब्रशने ठिगळाच्या फक्त कडेवर काळा रंग फिरवला. मास्कवर काळं लावलं की तेवढा भाग अदृश्य होतो, पांढरं लावलं की परत दिसतो. कड खालच्या त्वचेत मिसळली आणि डोळा शाबूत राहिला.

शेवटी `M` दाबून चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं केलं. तासभर सरळ दिसत असलेला डावा डोळा किंचित खाली उतरलेला होता. डोळे स्वतंत्र थरावर होते, म्हणून मास्कवरून पुन्हा त्या थरावर आले, डाव्या डोळ्याभोवती निवड केली आणि बाणाच्या कळीने त्याला चार पिक्सेल वर नेलं. गालाला, केसांना कुठे धक्का लागला नाही. आजी आता सुपाकडे बघत होती.