वडिलांना लिहायच्या पत्रातली तीन गाणी

मराठी गाण्यात आईला तोटा नाही. लेक सासरी निघाली की बापाचा गळाही आपल्या गाण्यांत भरून येतो. पण मोठा झालेला, मिशी फुटलेला मुलगा वडिलांशी मन मोकळं करतोय, असं गाणं आठवून बघा. सहजासहजी सापडत नाही. त्यामुळे परदेशातल्या मुलाला बाबांना गाण्यातून काही सांगायचं असेल, तर दुसऱ्यासाठी लिहिलेली गाणी उसनी घ्यावी लागतात. ती नीट निवडली तर काम होतं, चुकली तर भलताच अर्थ निघतो.

आमच्या ओळखीतला एक मुलगा जर्मनीत नोकरी करतो. वडील कऱ्हाडला असतात, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. रविवारच्या फोनवर दोघांचं बोलणं पाऊस, बीपीची गोळी आणि ‘जेवलास का’ एवढ्यात आटोपतं. त्याने ‘तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार’ असं रीतसर पत्र हाताने लिहिलं आणि त्यात तीन गाणी नेमून दिली. दोघांच्या परवानगीने मी ते वाचलं.

पहिलं गाणं ‘दाटून कंठ येतो’. १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटातलं, वसंतराव देशपांड्यांच्या आवाजातलं, मुलीच्या पाठवणीचं. मुलगा लिहितो : ‘मी निघालो त्या रात्री तुम्ही बॅगेला दोनदा नायलॉनची दोरी आवळलीत, वर मार्करने नाव घातलंत आणि “पोचलास की मिस्ड कॉल दे” एवढंच म्हणालात. ताईच्या लग्नात हे गाणं लागलं तेव्हा तुम्ही मांडवामागे गेला होतात. माझ्या वेळी कुणी गाणं लावलं नाही. आता ऐका.’ यात प्रेम हा शब्द कुठेच नाही. दोरीची आठवण त्याने दिली, बाकीचं वसंतरावांवर सोपवलं.

दुसरं गाणं गीतरामायणातलं, ‘पराधीन आहे जगती’. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली माडगूळकर-फडक्यांची ही ५६ गीतांची मालिका त्या पिढीच्या कानात बसलेली आहे. या गाण्यात वनवासातला राम भरताची समजूत काढतो आणि घडलं त्याचा दोष आईवर किंवा वडिलांवर ठेवत नाही. दूर गेलेल्या मुलाला नेमकं हेच म्हणायचं होतं. पण इथे एक खोच आहे. हा प्रसंग दशरथ गेल्यानंतरचा आहे, आणि हे गाणं अनेक घरांत दुखवट्याच्या दिवसांतच लागतं. सत्तरीतल्या माणसाला ते नुसतंच पाठवलं, तर ‘हा आत्तापासूनच माझी तयारी करतोय की काय’ असं वाटायचं. म्हणून त्याने ते शेवटी न ठेवता मध्ये ठेवलं आणि आधी स्पष्ट लिहिलं : ‘मी इथे आलो यात तुमची चूक नाही आणि माझीही नाही, एवढ्यासाठीच हे गाणं.’

तिसरं संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं ‘दमलेल्या बाबाची कहाणी’. कामात अडकलेला बाप आपल्या लहान मुलीशी बोलतो, असं ते गाणं. मुलाने ते उलटं फिरवलं : ‘तुमची सेकंड शिफ्ट असली की मी झोपल्यावर तुम्ही यायचात. मला त्याचा राग होता. आता माझी पोरगी मी पोचायच्या आत झोपते.’ माफी मागितलेली नाही, पण मागायची होती ती पोचते.

त्याने काय वगळलं, तेही बघण्यासारखं आहे. सावरकरांचं ‘ने मजसी ने’ १९०९ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर सुचलेलं. परदेश म्हटलं की तेच आधी आठवतं. पण त्यात परत नेण्याचा हट्ट आहे, आणि हा मुलगा इतक्यात परत येणार नव्हता. ते पाठवलं असतं तर बाबा वरची खोली रंगवायला काढते. ‘नाम’मधलं ‘चिठ्ठी आई है’ही गळलं, कारण त्यात घरचे बोलावतात. ते मुलानेच पाठवलं तर ‘तुम्ही मला बोलवत का नाही’ असा टोमणा वाटला असता.

पत्र पोचल्यावरच्या रविवारी बाबांनी गाण्यांचा विषयही काढला नाही. ‘तिकडे थंडी फार आहे का’ असं विचारलं आणि ‘पोरीला झोपायच्या आधी फोन लावत जा’ म्हणाले. तिसरं गाणं ऐकल्याशिवाय हे वाक्य आलं नसतं.

तुम्हालाही असं पत्र लिहायचं असेल, तर गाणी तीनच ठेवा. प्रत्येकाआधी दोघांनाच ठाऊक असलेली एक आठवण लिहा, गाण्याचा अर्थ समजावत बसू नका. गाणं कुठल्या प्रसंगाचं आहे, हे मात्र पाठवण्याआधी तपासा. आणि नंतर फोनवर ‘ऐकलीत का?’ असं विचारू नका.