काकांचा अनुभव, साहेबांची सही

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पंचविशीतली इंजिनिअर पोरं शिफ्ट इन्चार्ज होतात. हाताखाली असतात वीस-पंचवीस वर्षं लेथवर काढलेले ऑपरेटर. ते याला 'साहेब' म्हणतात, हा त्यांना 'काका' म्हणतो. या दोन शब्दांत नातं जुळलं असं वाटतं, पण कस लागतो तो सोमवारच्या पहिल्या पाळीत.

समजा, सीएनसी लेथवर बोअरचं काम आहे आणि टॉलरन्स २० मायक्रॉनचा. सुट्टीनंतर मशीन गार पडलेलं. पहिले दोन-तीन नग मापाबाहेर जातात. नवा साहेब धावत येतो, "काका, ऑफसेट द्या!" काका मुकाट्याने देतात. तासाभराने मशीन तापतं, माप दुसऱ्या बाजूला सरकतं आणि पुन्हा नग बाद होतात. पोलादाचा १०० मिलिमीटरचा भाग दहा अंशांनी तापला, तरी साधारण १२ मायक्रॉनने वाढतो; अर्ध्याहून जास्त टॉलरन्स तिथेच संपतो. काकांना आकडा ठाऊक नसेल, पण असं होणार हे ठाऊक होतं. विचारलं नाही, म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

अशा वेळी "काही सूचना आहेत का?" असं मोघम विचारून उपयोग नसतो. "सोमवारीच पहिले नग का जातात?" असं नेमकं विचारलं, तर उत्तर येतं, "अर्धा तास मोकळं फिरवा, मग नग लावा." साहेबाचं खरं काम इथून सुरू होतं. त्या अर्ध्या तासाचं उत्पादन बुडणार आणि प्लॅनिंगवाले ओरडणार. ते बोलणं स्वतः खायचं, वॉर्म-अप सेटिंग शीटवर चढवून सही करायची आणि सकाळच्या मीटिंगमध्ये कल्पना काकांची आहे हे सांगायचं. ऑपरेटर कितीही जाणता असला, तरी हे त्याच्या हातात नसतं. माझ्या मते तरुण साहेबाला मान मिळतो तो मुख्यतः याच कामातून.

मात्र सगळंच काकांवर सोडता येत नाही. काकांची ट्रेमधली टूल्स त्यांना हवी तशी राहू द्यावीत. पण दरवाजाचा इंटरलॉक बायपास केला असेल किंवा "हाताला कळतं" म्हणत गेज लावलं नसेल, तर मशीन तिथल्या तिथे थांबवायचं. कारण मात्र चार पोरांसमोर नाही, बाजूला घेऊन सांगायचं. आणि "मी सांगतो म्हणून" असं न म्हणता, दार उघडं असताना इन्सर्ट तुटला तर तुकडा कुठे उडेल हे दाखवायचं. पुन्हा तसंच झालं, तर वय न बघता लेखी समज द्यावी लागते. तिथे भीड ठेवणाऱ्या साहेबाला बाकीचे ऑपरेटरही मोजत नाहीत.

आपलं कसं चाललंय हे ओळखायचं असेल, तर काकांचं बोलणं ऐका. प्रत्येक गोष्टीला लगेच "हो साहेब" येत असेल, तर सावध व्हा. "साहेब, असं नको, नग जातील" असं ते तोंडावर म्हणू लागले, तर तुमचं बरं चाललंय.