उघड्या पातेल्यातली डाळ

बेळगावच्या येळ्ळूर-वडगाव शिवारात भात निघाल्यावर मसूर पेरतात, त्यामुळे इथे मसूर घरचीच. सोललेली मसूरडाळ आणि मूगडाळ यांना कुकरची गरजच नाही. साल निघाल्यामुळे आणि दाणा दुभंगल्यामुळे पाणी लगेच आत शिरतं.

एक वाटी डाळ पाणी नितळ होईपर्यंत धुवा. उंच पातेल्यात साडेतीन वाट्या पाणी घाला. डाळ निम्म्याहून वर येऊ नये, कारण पहिली उकळी फुटताच पांढरा फेस झपाट्याने चढतो. डाळीतली प्रथिनं आणि सॅपोनिनं पाण्यात उतरून हवेचे बुडबुडे धरून ठेवतात, त्याचा हा फेस. तो खाल्ल्याने अपाय होत नाही, पण उतू जाऊन शेगडी विझवतो आणि किंचित तुरट लागतो. पळी आडवी धरून कडेकडेने काढा. ढवळलंत तर तो पुन्हा डाळीत मिसळतो. दोन-तीनदा काढला की नवा येणं मंदावतं. मग हळद आणि चमचाभर तेल घाला, आच मंद करा, झाकण तिरकं ठेवा.

मसूर साधारण वीस मिनिटांत विरघळते, मुगाला पंचवीसपर्यंत लागतात. एकत्र शिजवायची असेल तर मूग पाच मिनिटं आधी टाका. दाणा बोटांत दाबून पाहा: मध्ये पांढरा कणीसारखा ठिपका दिसला तर अजून कच्ची. पाणी कमी पडलं तर उकळतंच घाला. चिंच किंवा आमसूल मात्र डाळ मऊ झाल्यावरच. आंबटाने दाणा टणक राहतो. वर्षभर डब्यात पडलेल्या डाळीला दहा मिनिटं जास्त द्या.