क्रियापद आधी, यादी नंतर

ग्राहकाला ई-मेल पाठवायचा आहे. सोबत एक डिलिव्हरी चलान आणि दोन इनव्हॉइस जोडले आहेत. मराठीत हे सांगताना आपण थांबत नाही, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं. वस्तू मोजून झाल्यावर 'आहे' की 'आहेत' ते ठरतं. इंग्रजीत मात्र 'देअर' लिहिलं की पाठोपाठ 'इज' किंवा 'आर' लिहावंच लागतं आणि यादी तर अजून यायची असते. आपण अडखळतो ते इथे.

त्यात मराठीची एक सवय आड येते. निर्जीव वस्तूंच्या यादीत आपलं क्रियापद बहुधा शेवटच्या नामाकडे पाहतं. 'कपाटात एक वही आणि एक पेन आहे' हे मराठी अगदी बरोबर आहे. तेच इंग्रजीत नेलं, की दोन वस्तू असूनही बोटं 'देअर इज' टाइप करतात.

नियमाने पाहिलं तर 'अँड'ने जोडलेल्या दोन वस्तू म्हणजे अनेकवचन. म्हणून वाक्य होतं, 'देअर आर अ डिलिव्हरी चलान अँड टू इनव्हॉइसेस.' पण 'आर'ला लागून एकवचनी 'अ' आला की तो कानाला खटकतो. म्हणूनच पहिली वस्तू एकच असेल, तर मूळ इंग्रजी भाषकही सर्रास 'देअर इज' म्हणतात आणि भाषेचे अनेक जाणकार ते मान्य करतात. काटेकोर वाचक मात्र करत नाहीत. या वादात ऑफिसच्या ई-मेलने पडूच नये, असं माझं मत आहे. अनेकवचनी वस्तू पुढे आणा: 'देअर आर टू इनव्हॉइसेस अँड अ डिलिव्हरी चलान.' नियम आणि कान दोघांचंही समाधान होतं.

दोन्ही वस्तू एकेकच असल्या तर पुढे आणायला अनेकवचन नसतं. तिथे आधी मोजणी सांगावी, 'देअर आर टू डॉक्युमेंट्स अटॅच्ड', आणि मग यादी द्यावी. एकाखाली एक मुद्दे मांडतानाही हेच वाक्य चालतं. 'आय हॅव अटॅच्ड' अशी सुरुवात केली तर प्रश्नच उरत नाही.

'अँड'च्या जागी 'अलाँग विथ' आलं तर हिशेब बदलतो. 'देअर इज अ चलान अलाँग विथ टू इनव्हॉइसेस' हे बरोबर आहे, कारण 'अलाँग विथ'नंतरच्या वस्तू कर्त्यात धरल्या जात नाहीत.

'देअर इज टू इनव्हॉइसेस' ही मात्र लेखी इंग्रजीत सरळ चूक आहे. ती बऱ्याचदा अज्ञानातून नव्हे, दुरुस्तीतून होते. मसुद्यात 'देअर इज वन इनव्हॉइस पेंडिंग' असतं. मग अकाउंट्सकडून कळतं की दोन बाकी आहेत. आपण 'वन'चं 'टू' करतो, 'इनव्हॉइस'चं अनेकवचनही करतो आणि मागे पडलेलं 'इज' तसंच राहतं. यादीतला आकडा बदललात, तर पाठवण्याआधी वाक्याच्या सुरुवातीला एकदा परत जा.