व्हेरियन्स स्वॉप: पैज फक्त चढउतारांवर

समजा, एस अँड पी ५०० वरच्या वर्षभराच्या व्हेरियन्स स्वॉपचा स्ट्राइक २० ठरला. हा ऑप्शनच्या किमतींतून निघालेला, म्हणजे इम्प्लाइड. वर्षअखेर रोजच्या परताव्यांवरून मोजलेली, म्हणजे रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी ३० निघाली. दर व्हेरियन्स पॉइंटला २,५०० डॉलर धरले, तर खरेदीदाराला २,५०० × (३०² − २०²) = १२.५ लाख डॉलर मिळतात. १० निघाली तर तोटा ७.५ लाखांचाच. वर्गामुळे येणारी ही असमानता मला फार आवडते!

विक्रेत्याला हा स्वॉप हेज करायला एकटा ऑप्शन पुरत नाही; भाव स्ट्राइकपासून लांब गेला की त्याचा गॅमा विरतो. म्हणून विक्रेते अनेक स्ट्राइकचे ऑप्शन १/K² वजनाने घेऊन फ्युचर्सने डेल्टा काढतात; मग निर्देशांक कुठेही असो, व्हेरियन्सवरची पकड तेवढीच राहते. मोठ्या उडीत मात्र हे हेजिंग चुकतं.