मुलांसोबत आकाशकंदील करताय? आधी टेबल असे मांडा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घरी कंदील करायला बसवले की अर्ध्या तासात कात्रीवरून भांडण, फरशीवर गोंद आणि घरभर कागदाचे कपटे, हे ठरलेले. यातला बराचसा गोंधळ टेबलाच्या मांडणीमुळे होतो. समजा, चार, सहा आणि नऊ वर्षांची तीन मुले आहेत. त्यांच्यासाठी टेबल कसे मांडायचे ते पाहू.

टेबल कोणते?
जेवणाचे टेबल लहान मुलांना उंच पडते. हात वर करून कापताना कात्री चेहऱ्याजवळ येते. त्यापेक्षा बैठे टेबल किंवा चौरंग घ्या. खाली जुनी चादर आणि वर वर्तमानपत्राचे दोन थर पसरा. एका टोकाला कात्री, दुसऱ्या टोकाला गोंद ठेवा आणि मधली जागा मोकळी सोडा. कात्री तिच्या टोकालाच बसून वापरायची, हातात घेऊन उठायचे नाही, हा एकच नियम सुरुवातीला सांगा.

कोणाच्या हातात काय?
चार वर्षांच्या मुलाला कागद फाडणे आणि टिकल्या चिकटवणे द्या. सहा वर्षांच्या मुलाला गोल टोकाची कात्री चालते. ती सरळ रेघेवर कापेल. नऊ वर्षांचे मूल पट्टीने रेघा आखेल. कटर, स्टेपलर आणि झटपट चिकटणारा गोंद टेबलावर नकोच. कटरचे काम असेल तर मोठ्यांनी ते आधीच उरकावे. पांढरा गोंद बाटलीतून न देता झाकणात चमचाभर काढून कानकाडीने लावायला द्या. गोंद जास्त झाला की कागद भिजून वाकडा होतो.

कंदील कसा करायचा?
१. ए-फोर आकाराचा कार्डपेपर लांबीच्या दिशेने मधोमध दुमडा. आता एक लांब बाजू घडीची आणि समोरची सुटी असेल.
२. सुट्या कडेपासून ३ सेंटिमीटरवर आडवी रेघ मारा. घडीपासून या रेघेपर्यंत दर २ सेंटिमीटरवर उभ्या रेघा आखा.
३. घडीच्या बाजूने कापायला सुरुवात करा आणि आडव्या रेघेवर थांबा. नेमकी इथेच चूक होते. सुट्या बाजूने कापले, तर पट्ट्या वरखाली सुटतात आणि कंदील होतच नाही. म्हणून कापण्याआधी घडीच्या कडेवर रंगीत खडू फिरवा आणि ‘रंगाकडून कापायचे’ एवढेच मुलाला सांगा.
४. दुसऱ्या रंगाच्या, तेवढ्याच लांबीच्या पण १७ सेंटिमीटर उंचीच्या कागदाची नळी करा. कडा एकमेकींवर २ सेंटिमीटर चढवून चिकटवा.
५. कापलेला कागद उलगडून या नळीभोवती गुंडाळा. दोन्हींच्या वरच्या आणि खालच्या कडा जुळवून चिकटवा. बाहेरचा कागद ४ सेंटिमीटरने उंच असल्याने पट्ट्या आपोआप बाहेर फुगतात.
६. गोंद वाळेपर्यंत कडांना कपड्यांचे चिमटे लावा. शेवटी खाली पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या आणि वर पकडायची पट्टी लावा.

आत दिवा कोणता?
कागदी कंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवू नका. एलईडीची बॅटरीवरची छोटी माळ पुरते. मात्र, अशा अनेक दिव्यांत नाण्यासारखी चपटी बटण बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होणारा दिवाच घ्या आणि सेल मोठ्यांनीच बदला. मुलाने बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवू नका. लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा. तिथे एक्स-रे काढून ती कुठे आहे ते पाहतात.

आवरायचे कसे?
आवरण्याची दहा मिनिटे कंदिलाच्या वेळेतच धरा. चिमटे लावून झाले की गोंद वाळेपर्यंत मुले रिकामीच असतात, तीच वेळ साधा. मोठ्या मुलाने कात्र्या मोजून डब्यात ठेवायच्या. मधल्याने गोंदाची झाकणे पुसायची. धाकट्याने मोठे तुकडे पुढच्या वेळेसाठी पिशवीत भरायचे. मग वरचे वर्तमानपत्र कपट्यांसकट गुंडाळून उचला. खालचा थर कोरडा असेल, तर उद्या पुन्हा वापरता येतो. चादर घराबाहेर झटका. कपड्यांवर सांडलेला पांढरा गोंद ओला असतानाच साध्या पाण्याने धुवा. वाळला की तो सहज निघत नाही.

चमकी मात्र आणूच नका. ती वर्तमानपत्रावर थांबत नाही आणि चोळलेल्या डोळ्यांत जाते. टिकल्यांनी कंदील तेवढाच चमकतो.