छोट्या बिलालाही जागा नाही

गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी तालुक्याच्या गावातल्या एका किराणा दुकानात बिलाचा कॉम्प्युटर अडला. गूळ, खोबरं, मोदकाची पिठी असं बिल तयार झालं, पण ‘सेव्ह’ दाबलं की एरर. शेठनी मशिन बंद करून चालू केलं, तरी तेच. दारात रांग वाढत चालली, तेव्हा त्यांनी जुनं बिलबुक काढलं.

दुपारी दुरुस्तीवाला आला. त्याने This PC उघडलं. C: ची पट्टी लाल, मोकळी जागा शून्य.

“अहो, पण बिल केवढंसं!” शेठ म्हणाले. खरं आहे, बिल काही केबींचंच असतं. पण डेटाबेस ते कायम करण्याआधी त्याची नोंद आपल्या लॉग फाइलमध्ये लिहितो. ती लिहिता आली नाही, तर तो अख्खा व्यवहार रद्द करतो. म्हणून अर्धवट बिल राहिलं नाही आणि स्टॉकमधून गूळही वजा झाला नाही. छपाईचंही तसंच: विंडोज आधी छापायचा मजकूर डिस्कवर ठेवतं, मग प्रिंटरला देतं. डिस्क भरली की जुन्या बिलाची प्रतसुद्धा निघेनाशी होते.

एवढी जागा खाल्ली कोणी? शेठच्याच शिस्तीने. रोज रात्री दुकान बंद करताना बॅकअप घ्यायचा, हा नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता. १२० जीबीची डिस्क विंडोजमध्ये साधारण १११ जीबी दिसते. त्यातले ४५ विंडोज आणि इतर प्रोग्रॅमचे, उरले ६६. एकेक बॅकअप सुमारे ६०० एमबीचा, म्हणजे ११० रात्री पुरेल इतकीच जागा. सगळे बॅकअप त्याच डिस्कवर, आणि जुना एकही काढलेला नाही. शेवटची फाइल इतरांपेक्षा लहान होती: आदल्या रात्री जागा मध्येच संपली आणि ती अर्धवट राहिली. ऐन वेळी तीच वापरायला गेले असते, तर काही हाती लागलं नसतं.

घाईत काही फाइली शेठनी सकाळीच डिलीट केल्या होत्या, तरी जागा मोकळी झाली नव्हती, कारण त्या Recycle Bin मध्ये त्याच डिस्कवर पडून होत्या. नशीब, सगळ्यांत मोठी दिसणारी .mdf फाइल त्यांनी उडवली नाही. सगळा हिशेब तिच्यातच होता.

दुरुस्तीवाल्याने जुने बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवले, त्यातला एक उघडून तपासला आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. तासाभरात बिलं सुरू झाली. सकाळची बिलबुकातली बिलं मात्र शेठना रात्री बसून हाताने भरावी लागली.

तुमच्या दुकानातही बॅकअप त्याच डिस्कवर जात असेल, तर ती डिस्क बिघडेल त्या दिवशी हिशेब आणि बॅकअप दोन्ही जातील. आज दुकान बंद करताना This PC उघडून पाहा. मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की पट्टी लाल होते.